नव्या शहरात फ्रीलान्सिंग: बसायचं कुठे? पुण्यातले अनुभव सांगा

लातूरची
जूनमध्ये लातूर सोडून पुण्यात आले. काम व्हिडिओंना मराठी सबटायटल करायचं. पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या मिनिटांचे, मी किती तास बसले त्याचे नाही. कोथरूडला वन आरके घेतलाय, टेबल म्हणजे पलंगाची कड. जो तो वेगळंच सांगायचा, म्हणून तीन आठवडे तीन ठिकाणी बसून बघितलं आणि वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: किती वेळ बसले आणि व्हिडिओची किती मिनिटं हातावेगळी झाली.

घरी २४ तासांत १२० मिनिटं झाली, म्हणजे व्हिडिओच्या एका मिनिटाला १२ मिनिटं लागली. कॅफेत १२ तासांत जेमतेम ४०, म्हणजे १८. कोवर्किंगला २२ तासांत १६५, म्हणजे ८. कॅफेचा आकडा बघून वाटलं, मीच टंगळमंगळ केली असणार. पण तसं नव्हतं. पुटपुटलेला संवाद कॅफेतल्या गाण्यात बुडतो, तीच ओळ चारदा ऐकावी लागते, आणि हेडफोनचा आवाज वाढवत गेलं की रात्री कानात गुणगुण.

कोवर्किंग जिंकलं म्हणून मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि बाणेरला जाण्या-येण्याचे तास कुठे धरलेस?" रोज १ तास २० मिनिटं, पाच दिवसांचे ६ तास ४० मिनिटं. ते मिळवल्यावर ८ चे जवळजवळ साडेदहा झाले. वर महिन्याचे साडेसहा हजार आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०. तुम्ही कसं ठरवलंत?

कटिंग_चहा
मला कॅफेच मानवतो. जाहिरातींचा मजकूर लिहितो, आजूबाजूला गलका लागतोच. दुपारी अडीच ते पाच गर्दी नसते, दोन तासांनी दुसरं काहीतरी मागवायचं, कुणी उठवत नाही. फर्ग्युसन रोडच्या जुन्या हॉटेलांत मात्र लॅपटॉप उघडू नका, बाहेर लोक ताटकळत असतात. आणि जीएसटीचं मनावर घेऊ नका, तो परत मिळतो.

दोन_मॉनिटर
सरसकट नाही मिळत. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी हवी आणि बिलावर तुमचा नंबर हवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बहुतेक जण नोंदणीच करत नाहीत. मग तो खर्चच.

लातूरची, घराचा एकच आकडा धरू नका. सकाळी सहा ते नऊ वेगळं लिहा, अकरानंतरचं वेगळं. मी नऊ वर्षं घरून कोडिंग करतोय. अकरानंतर पार्सलवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळे एकदम जागे होतात. गुरुवारी तर महावितरणची देखभाल, पंखाही नाही नि वायफायही नाही.

कोवर्किंगचा महिना भरण्याआधी एक दिवसाचा पास काढा, आणि तो सोमवारी किंवा मंगळवारी. शुक्रवारी सगळीच ठिकाणं शांत असतात, फसायला होतं. फोन बूथ किती ते मोजा आणि दुपारी तीनला एखादा तरी रिकामा आहे का बघा. वीज गेल्यावर दिवे राहतात, पण जनरेटर लागेपर्यंत नेट तुटतं का, हे तिथल्या मुलांना विचारा, मॅनेजरला नको.

पेठेतली_काकू
अगं, एवढा खर्च कशाला? आमच्या सदाशिव पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. माझा भाचा एमपीएससीसाठी तिथेच बसतो, सुई पडली तरी ऐकू येते. तुझी परीक्षा कधी आहे?

लातूरची
काकू, परीक्षा नाही हो, पोटापाण्याचं काम आहे :) पण तुमचं ऐकून गेले होते. शांतता खरंच अप्रतिम. अर्ध्या तासात माझ्या कीबोर्डच्या टकटकीला चार जणांनी वळून बघितलं. क्लायंटचा फोन आला तेव्हा जिना उतरून रस्त्यावर उभी राहिले.

रात्रपाळी
आकडे बघून मीही घर निवडलं होतं. दोन महिन्यांत वॉचमन सोडून कुणाशी बोललो नाही. आता आठवड्यातून दोनदा बाहेर बसायला जातो, काम तिथे कमीच होतं. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

लातूरची
रकाना नाही सापडला.

दोन_मॉनिटर, एक आठवडा तसं लिहून बघितलं. सकाळी १५ तासांत १०० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ९, प्रवास शून्य. अकरानंतर १० तासांत ४०, म्हणजे १५. तेव्हा भाषांतर पहाटे घरी, आणि शेवटची तपासणी नि फोन कोवर्किंगला. महिन्याला आठ दिवस, पासचे ५०० धरले तर ४,००० झाले. गुरुवार त्यात आलाच. अडचण एकच, डिलिव्हरीच्या दिवशी पास संपलेले असतात. मागच्या आठवड्यात तसंच झालं, शेवटी कॅफेत गेले आणि एक ओळ चुकलीच. एक-दोन दिवस आधी जागा राखून ठेवणारं कुणी कोथरूड-कर्वेनगरकडे माहीत आहे का?