डिस्काउंटेड पेबॅक काढलं की एनपीव्ही कशाला?

वसुलीबहाद्दर
पुतणी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी डिस्काउंटेड पेबॅकच्या उणिवा लिहून आणायला सांगितल्यात. मी तिला म्हटलं, उणिवा साध्या पेबॅकच्या असतात. प्रत्येक वर्षाची रक्कम डिस्काउंट केली, म्हणजे व्याज कापून आजच्या किमतीत आणली, की आजचा आणि उद्याचा रुपया सारखा धरण्याचा दोष गेला. पैसे व्याजासकट कधी सुटतात ते कळलं, आणखी काय हवं? एनपीव्ही म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंतचे सगळे पैसे आजच्या किमतीत जोडून त्यातून भांडवल वजा करायचं; धंद्यात ते कोण विचारतं, ते परीक्षेपुरतं. कुणाला खरी उणीव माहीत असेल तर सांगा, पुस्तकी नको.

तळटीप
गृहपाठाचा प्रश्न विचारायचा आणि वर "पुस्तकी नको" म्हणायचं, कमाल आहे. असो, त्या पोरीचे मार्क जाऊ नयेत म्हणून लिहितो.

तिला दोन मशीनं द्या. दोन्ही 10 लाखांची, दर 10 टक्के. पहिलं चार वर्षं चालतं आणि वर्षाला अनुक्रमे 5, 4, 3 आणि 1 लाख देतं. दुसरं उशिरा रुळतं पण पाच वर्षं टिकतं: 2, 3, 4, 5, 5 लाख. कॅल्क्युलेटर हातात देऊन तिलाच करू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

पहिल्या मशीनचे पैसे आजच्या किमतीत 4.55, 3.31 आणि 2.25 लाख. दोन वर्षांअखेर 7.85 जमा, 2.15 बाकी. बाकीला तिसऱ्या वर्षाच्या 2.25 ने भागलं की 0.95 येतं, म्हणजे उत्तर 2.95 वर्षं. दुसऱ्याचे तीन वर्षांअखेर 7.30 जमतात, 2.70 उरतात आणि चौथ्या वर्षाचे 3.42 येतात. उत्तर 3.79. तुमची पद्धत सांगते, पहिलं घ्या.

आता तिला दोन्हींची बेरीज शेवटच्या वर्षापर्यंत न्यायला सांगा. भांडवल फिटून पहिल्यात 79 हजार उरतात, दुसऱ्यात 3 लाख 82 हजार. दोन्ही आजच्याच किमतीत.

तरी पटलं नाही तर दुसऱ्या मशीनचं पाचवं वर्ष 5 लाखांचं 50 लाख करा आणि पुन्हा काढा. उत्तर 3.79. शून्य करा. तरी 3.79. जो आकडा दहापट केला तरी उत्तर जागचं हलत नाही, तो आकडा तुमची पद्धत बघतच नाही. डिस्काउंट करून हे कसं सुधारणार? तुम्ही फक्त अलीकडच्या वर्षांचं वजन बरोबर केलंत, पलीकडची वर्षं होती तशीच बाहेर राहिली.

लेथमास्तर
पाचवं वर्ष कुणी बघितलंय हो? आमच्याकडं या, मिरजेला. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर व्हीएमसी घेतलं. कागदावर सहा वर्षं काम. तिसऱ्या वर्षी त्यांनी पार्टचं डिझाइनच बदललं. मशीन ताडपत्रीखाली, हप्ता चालू. त्या दिवसापासून नियम केला, तीन वर्षांत सुटत नसेल तर कोटेशनसुद्धा मागवायचं नाही. तुमची ती 3 लाख 82 हजारांची बेरीज बँकेचा माणूस दारात आल्यावर दाखवा त्याला.

तळटीप
मास्तर, पाचवं वर्ष शून्य धरा, माझी हरकत नाही. मग दुसरं मशीन 72 हजारांवर येतं आणि पहिलं 79 वर. जिंकलं तुमचं. पण पाचव्या वर्षी नुसते साडेअकरा हजार मिळाले तरी दुसरं पुढे जातं. 5 लाखांच्या जागी साडेअकरा हजार! तुमचा तीन वर्षांचा नियम हा फरक सांगत नाही. जोखीम वाटते ना, मग त्या वर्षाचा आकडा कमी करून लिहा. वर्षच खोडून टाकणं म्हणजे पुढे काही मिळण्याची शक्यता शून्य आहे असं ठामपणे म्हणणं. आणि दर चढा धरून वर पुन्हा वर्षंही तोडलीत, तर एकाच जोखमीचे पैसे दोनदा कापले.

लेथमास्तर
डिझाइन तिसऱ्या वर्षी बदललं म्हटलं मी. चौथंपण शून्य करा की मग. तुमच्या सोयीनं पाचव्यावर का थांबलात?

तळटीप
चौथंही शून्य केलं तर पहिलं दहा हजारांनी कसंबसं सुटतं आणि दुसरं 2 लाख 70 हजारांनी बुडतं. घ्या, तुमच्या शॉपमध्ये तुमचा नियम बरोबर. पण तो बरोबर ठरला हे कळलं कसं? आकडे बदलून शेवटपर्यंत बेरीज केली म्हणून. तिलाच एनपीव्ही म्हणतात.

लेथमास्तर
व्हय, म्हणजे बरोबर आम्ही आणि श्रेय तुम्हाला.

बीकॉम पास
दोघांनी उगाच डोकं फोडलंय. एक गोष्ट तरी नक्की आहे. डिस्काउंटेड पेबॅक मशीनच्या आयुष्याच्या आत आलं की एनपीव्ही पॉझिटिव्ह असणारच. म्हणजे दोनातलं एक निवडताना गडबड होईल, पण एकच प्रोजेक्ट असेल तर घ्यायचं की नाही हे बरोबर कळतं. नुकसान होऊच शकत नाही.

हिशेबनीस
बीकॉम पास, "असणारच" खोडा. पुढे कधीच पैसे बाहेर जाणार नसतील तरच ते खरं.

भाडेपट्ट्याच्या जमिनीवर खडी क्रशर घ्या. 10 लाख घातले, तीन वर्षं 5, 5, 3 लाख आले, चौथ्या वर्षी काम बंद. जमीन सपाट करून, पाया उखडून परत द्यायची, त्याचा खर्च साडेतीन लाख. 10 टक्क्यांनी करा. दोन वर्षांअखेर 8.68, तिसऱ्या वर्षी 10.93. म्हणजे 2.59 वर्षांत पैसे सुटले, पेढे वाटा. चौथ्या वर्षी आजच्या किमतीत 2.39 बाहेर गेले आणि शेवटी हातात 8.54. एक लाख 46 हजारांचं नुकसान. पेबॅक आयुष्याच्या आत आलं, तरी प्रोजेक्ट बुडीत.

पुतणीला एवढंच सांगा, बेरजेचा रकाना शून्य ओलांडल्या ओलांडल्या पेन खाली ठेवायचं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. रकाना एकदा वर येऊन पुन्हा खाली गेला तर पेबॅकचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही. मी आर्टिकलशिपला असताना नेमकं असंच शीट आलं होतं, शेवटचा खर्च "इतर" म्हणून वेगळ्या टॅबवर टाकलेला. मुद्दाम की चुकून, देव जाणे.

बीकॉम पास
अपवाद काढून नियम मोडायची हौस आहे लोकांना. ठीक आहे, शेवटी खर्च नसेल तर माझं बरोबर. तेवढं तरी मान्य करा.

हिशेबनीस
तेवढं मान्य. पहिल्या वेळी तेवढं लिहिलं नव्हतंत.

गच्चीवाला
विषय पेबॅकचा आहे म्हणून विचारतो. गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर घ्यायचंय. 1 लाख 80 हजार, त्यातून सूर्यघर योजनेचे 78 हजार परत, म्हणजे 1 लाख 2 हजार. बिलात महिन्याला दोनेक हजार वाचतील. विक्रेता म्हणतो सव्वाचार वर्षांत फुकट. घेऊ का?

हिशेबनीस
सव्वाचार हे साधं पेबॅक. वर्षाला 24 हजार आणि दर 8 टक्के धरला तर डिस्काउंटेड 5.4 वर्षं.

तळटीप
5.4 पण काटेकोर नाही. तुम्ही बचत वर्षाअखेर एकगठ्ठा आली असं धरून डिस्काउंट केलंत आणि मग वर्षाचे तुकडे पाडताना ती वर्षभर येते असं धरलंत. बिलात बचत खरोखर दरमहा होते, त्यामुळे खरं उत्तर तीनेक महिने अलीकडे येईल. माझ्या मशीनमध्ये उलट. पैसे खरंच वर्षाअखेरच येत असतील तर 2.95 असं काही नसतंच, सरळ 3 लिहावं लागेल. सरांना दोन दशांश हवे असतात म्हणून आपण लिहितो.

कबुतरग्रस्त
सव्वाचार, साडेपाच, सगळं कागदावर. पॅनेलखाली कबुतरं घरटी करतात, धुवायला माणूस मिळत नाही, आणि आमच्या शेजारच्यांचा इन्व्हर्टर वॉरंटी संपल्या संपल्या गेला. ते कोण मोजणार?

हिशेबनीस
पेबॅक तर नाहीच मोजणार. दहाव्या वर्षी 30 हजारांचा इन्व्हर्टर धरला तरी 5.4 चं 5.4. वीस वर्षांची बेरीज केली तर 1 लाख 34 हजारांचे 1 लाख 20 होतात. तरी फायद्यातच. पॅनेलची वॉरंटी साधारण 25 वर्षांची असते, म्हणजे इथे खरी मलई पेबॅकच्या पलीकडेच आहे.

लेथमास्तर
कबुतरांचा डिस्काउंट रेट किती धरता?

कबुतरग्रस्त
हसा. आमच्या सोसायटीत तीन मीटिंगा याच्यावर झाल्या. गच्ची सगळ्यांची, वीज एकाची, पाणी झिरपलं तर खर्च कुणाचा? सेक्रेटरी सही करत नाही आणि तुम्ही इथे दशांश मोजताय.

गच्चीवाला
सेक्रेटरीचं खरंय. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची त्यांचीच. कुणाच्या करारनाम्यात काय लिहिलंय?

वसुलीबहाद्दर
माझ्या धाग्याची गच्ची केलीत, धन्यवाद. क्रशरचं उदाहरण पुतणीला दाखवलं, ती म्हणते "काका, हे पेपरात लिहिते, तुमचं नको." पुढचे मागचे सगळे पैसे मोजावेत, चला मानलं. पण मला अजून कुणी सांगितलं नाही की कंपन्या पेबॅकची मुदत तीन वर्षं ठेवतात की चार, ते ठरवतं कोण? सरांनी तेही विचारलंय.

तळटीप
कुणी नाही. तो आकडा कुठल्याच सूत्रातून येत नाही. दर निदान भांडवल कितीला पडतं यावरून काढता येतो. तीन वर्षं का, तर मास्तरांचं गिऱ्हाईक तिसऱ्या वर्षी पळालं म्हणून. हीच एक ओळ तिला लिहू द्या, पद्धत डिस्काउंट करते पण मुदत अंदाजाने ठरते.

लेथमास्तर
अंदाज नव्हे, अनुभव. आणि चौथ्या वर्षाच्या हिशेबावर तुमचं उत्तर अजून गुळमुळीतच आहे.

गच्चीवाला
सेक्रेटरीला द्यायच्या ना-हरकत पत्राचा मसुदा कुणाकडे आहे का? असेल तर व्यनि करा.