मदत हवी आहे: पॅकमधला एकच ग्रुप सारखा उतरतोय, सेल बदलू की पॅक मोडीत काढू?

इतवारीचा_वायरमन

नमस्कार मंडळी. नागपुरात इतवारीत माझं ई-सायकल आणि ई-रिक्षा दुरुस्तीचं दुकान आहे. एका डिलिव्हरीवाल्या पोराचा पॅक आलाय. 48 व्होल्ट, 18650 एनएमसी सेल, 13 सीरिज 10 पॅरलल, प्रत्येक सेल 2.5 अँपिअर-तासाचा. बांधणी लोकल आहे: सेल एकमेकांना चिकटवलेले, वर निकेलची पट्टी, त्यावर निळं श्रिंक, बस.

फुल चार्ज करून आठवडाभर ठेवला तर बारा ग्रुप 4.15 व्होल्टवर राहतात आणि सातवा 4.00 वर येतो. चार्जिंगला लावला की बॅलन्सिंगला खूप वेळ लागतो, मग सगळं सरळ दिसतं. हात लावून पाहिलं, कुठे गरम नाही.

पोरगा भर दुपारी उन्हातून येतो आणि टिनाच्या शेडमध्ये लगेच चार्जिंगला लावतो. नवतपा तोंडावर आहे. थर्मल रनअवेबद्दल, म्हणजे सेल स्वतःच तापत जाऊन पेटतो त्याबद्दल ऐकून आहे, पण नेमकं कुठून सुरू होतं ते कळत नाही. हा ग्रुप म्हणजे त्याची सुरुवात आहे का? आणि पॅक नव्याने बांधायचा झाला तर एक सेल गेला तरी बाकीचे वाचतील असा कसा बांधू?

बाबाराव_खापरखेडा

भाऊ, काहून एवढं डोकं लावून राहिला? चांगल्या कंपनीचा बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारा बोर्ड टाक, तो कट मारते. नाहीतर सरळ लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल टाक, त्याले आग लागतच नाई. माझ्या घरच्या इन्व्हर्टरले तेच हाय, दोन उन्हाळे काढले, काही झालं नाई.

मनीषनगर_बी_विंग

याच विषयावर विचारायचं होतं. आमच्या सोसायटीत जिन्याखाली तीन स्कूटर चार्ज होतात. सेक्रेटरी म्हणतात 45 डिग्रीच्या वर तापमान गेलं की बॅटरी आपोआप पेटते, म्हणून मे महिन्यात चार्जिंग बंद. हे खरं आहे का? आमची स्कूटर तर कंपनीची आहे, लोकल पॅक नाही.

वैदर्भी_पुण्यात

माहेर धंतोलीचं, नोकरी पुण्यात पॅक टेस्टिंगमध्ये. इतवारीकर दादा, तुमच्या आकड्यांवरून सुरुवात करते.

4.15 वरून 4.00 म्हणजे एनएमसीत साधारण 15 टक्के चार्ज. तुमचा ग्रुप 25 अँपिअर-तासाचा, म्हणजे पावणेचार अँपिअर-तास कुठेतरी गेले. आठवड्याचे 168 तास धरले तर सरासरी 22 मिलिअँपिअर. चार व्होल्टला ती फक्त 90 मिलिवॅट उष्णता झाली. एवढ्याशा उष्णतेने 10 सेलचा ग्रुप हाताला कोमटही लागणार नाही. त्यामुळे "गरम नाही" यावरून काहीच ठरत नाही.

ही गळती दोन ठिकाणी असू शकते. एक, बीएमएसच्या बॅलन्सिंगचा ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहून त्याच ग्रुपमधून करंट ओढतोय. हे बरंच दिसतं आणि यात सेलचा दोष नसतो. दोन, ग्रुपमधल्या एखाद्या सेलच्या आत बारीक शॉर्ट आहे: धातूचा कण, दुमडलेला सेपरेटर किंवा साठलेलं लिथियम. पहिलं असेल तर बोर्ड बदलून सुटाल. दुसरं असेल तर तो पॅक रस्त्यावर जाऊ देऊ नका.

ओळखायचं कसं? पुन्हा फुल चार्ज करा, बॅलन्स लीडचा कनेक्टर बीएमएसमधून काढा आणि ठेवून द्या. सातवा तरीही उतरला तर दोष सेलमध्ये. थांबला तर बोर्डमध्ये. पॅक ठेवाल तो दुकानाबाहेर, सिमेंटच्या फरशीवर, आजूबाजूला काही पेटेल असं नको.

बाबाराव काका, बीएमएस बाहेरून येणारा-जाणारा करंट तोडतो. शॉर्ट सेलच्या आत असेल तर तोडायला त्याच्या हातात काही नाही. शिवाय पॅरलल ग्रुपमध्ये त्याला दहा सेल मिळून एकच व्होल्टेज दिसतं. एक सेल आतून बिघडला की उरलेले नऊ त्यात करंट ओततात, आणि बीएमएसला फक्त एक ग्रुप हळूहळू खाली जाताना दिसतो.

इतवारीचा_वायरमन

ताई, कनेक्टर काढून ठेवला. बाकीचे जागच्या जागी, सातवा अजूनही उतरतोच आहे, तोही पहिल्याच वेगाने. म्हणजे सेल. आता ग्रुपमधला एकेक सेल सोडवून वाईट तेवढा बदलू का?

वैदर्भी_पुण्यात

ग्रुप अख्खा बाजूला काढा. पट्टी सोडवताना पक्कड सरकून कॅन आणि वरची टोपी जोडली गेली की तुम्हीच शॉर्ट कराल, म्हणून आधी प्रत्येक ग्रुप 3.5 व्होल्टच्या आसपास उतरवून घ्या. पूर्ण भरलेला आणि अर्ध्याहून रिकामा सेल यांत रनअवेच्या जोराचा खूप फरक असतो.

नेमकं सुरू कुठून होतं ते आता. साधारण 90 अंशांच्या पुढे अ‍ॅनोडवरचा संरक्षक थर तुटायला लागतो आणि सेल स्वतःच उष्णता काढू लागतो. 130 च्या सुमारास पॉलिइथिलीनचा सेपरेटर वितळतो आणि आत सर्वत्र शॉर्ट होतो. 200 च्या आसपास एनएमसी कॅथोडमधून ऑक्सिजन सुटतो. म्हणून झाकून, गुदमरवून ही आग विझत नाही, तिचा ऑक्सिजन तिच्याच पोटात असतो.

सेक्रेटरींचं म्हणणं त्यामुळे बरोबर नाही. 45 आणि 90 यांत मोठं अंतर आहे, हवेच्या तापमानाने चांगला सेल पेटत नाही. पण बहुतेक सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा 45 अंशच लिहिलेली असते, डिस्चार्जची 60. उन्हातून आलेला पॅक आतून 50 च्या पुढे असू शकतो, आणि तशात रोज चार्ज केला तर सेल लवकर म्हातारा होतो. पोराला सांगा, आधी कूलरसमोर तासभर ठेव, मग लाव.

नागपूरच्या उन्हाचा खरा फटका दुसरीकडे बसतो. तुमच्या एका सेलमध्ये 2.5 गुणिले 3.6 म्हणजे 9 वॅट-तास, म्हणजे 32,400 जूल. सेल 45 ग्रॅमचा, त्याला एक अंश तापवायला साधारण 45 जूल लागतात. सगळी ऊर्जा त्याच सेलमध्ये राहिली तर तो 720 अंशांनी तापेल. ती त्याच्यात आणि चिकटलेल्या सहा शेजाऱ्यांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला 103 अंश. पुण्यात डिसेंबरमध्ये 25 वरून 128. नागपुरात मे महिन्यात 45 वरून 148, म्हणजे सेपरेटर वितळण्याच्या पुढे. हिशेब ढोबळ आहे: काही उष्णता गॅस आणि ठिणग्यांबरोबर बाहेर जाते, तर रासायनिक क्रियांची उष्णता यात धरलेलीच नाही. 128 वरही शेजारी सुरक्षित नाहीत, फक्त थोडा जास्त वेळ मिळतो.

गिट्टीखदान_आरसी

आम्ही आरसी विमानं उडवतो. तेव्हा सेलमध्ये 1 मिलिमीटर जागा सोडून होल्डरमध्ये बसवले की झालं ना? हवा खेळती राहते.

वैदर्भी_पुण्यात

निम्मं बरोबर. होल्डरमुळे धातूला धातू लागत नाही, तेवढं नक्की करा. पण मिलिमीटरभर हवेच्या फटीतून ज्वाळा आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम आरामात शेजारी पोहोचतं.

रस्ते दोन आहेत. एक, उष्णता लांबवर वाटणं. तीच 32,400 जूल सातऐवजी 30 सेलमध्ये पसरली तर वाट्याला 24 अंश येतात, म्हणजे 45 वरून 69, धोक्याच्या खाली. त्यासाठी उष्णता वाहणारं पॉटिंग किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागते. दुसरा रस्ता, उष्णता अडवणं: ग्रुपच्या मध्ये अभ्रकाची शीट. फक्त अडवली आणि बाहेर जायला वाट ठेवली नाही तर ती आतच घोटाळत राहते, म्हणून चांगल्या पॅकमध्ये दोन्ही असतं.

त्याहून महत्त्वाचा गॅस. 18650 चा व्हेंट पॉझिटिव्ह टोकाला असतो, आणि सीरिजमध्ये एक ग्रुप सरळ तर पुढचा उलटा बसतो, म्हणजे गॅस वर आणि खाली दोन्हीकडे निघतो. तुमच्या निळ्या श्रिंकमध्ये त्याला जागाच नाही. धातूचा डबा घ्या, दोन्ही तोंडांसमोर मोकळी जागा आणि अभ्रक, आणि डब्याला बाहेर तोंड असलेला व्हेंट, तोही सीटकडे नको. बोइंग 787 चं 2013 मध्ये हेच केलं होतं. सेलची शॉर्ट पूर्णपणे बंद करता येत नाही असं मानून सेलमध्ये इन्सुलेशन वाढवलं, बॅटरी पोलादी पेटीत घातली आणि गॅससाठी विमानाबाहेर नळी काढली.

शेवटी, प्रत्येक सेलला स्वतंत्र फ्यूज वायर. निकेलची जाड पट्टी वितळत नाही, त्यामुळे नऊ सेल वाईट सेलला पाजत राहतात. फ्यूज वायर तो पुरवठा तोडते. वाईट सेलची स्वतःची ऊर्जा मात्र ती अडवत नाही, म्हणून वरचं सगळं लागतंच.

बाबाराव_खापरखेडा

ताई, मान्य. पण एलएफपीचं काय चुकलं?

वैदर्भी_पुण्यात

काका, दिशा बरोबर आहे. एलएफपीचा कॅथोड बराच जास्त तापल्यावर तुटतो आणि ऑक्सिजन सहज सोडत नाही. पण "लागतच नाही" हे नको. त्यातून निघणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन असतो आणि बंद खोलीत साठला तर स्फोट होतो. एप्रिल 2021 मध्ये बीजिंगमधल्या एलएफपीच्या साठवण केंद्रात अग्निशमन जवान गेले ते अशाच स्फोटात. तुमचा इन्व्हर्टर हवेशीर जागी ठेवा एवढंच.

दादा, एलएफपीवर जायचं तर 13 नाही, 16 सीरिज लागेल, चार्जर 54.6 ऐवजी 58.4 व्होल्टचा आणि बीएमएसही वेगळा. जुना चार्जर चालणार नाही.

मनीषनगर_बी_विंग

म्हणजे आमची कंपनीची स्कूटर जिन्याखाली चालेल ना?

वैदर्भी_पुण्यात

नको. 31 मार्च 2023 पासून एआयएस-156 या बॅटरी सुरक्षेच्या मानकाखाली एक सेल मुद्दाम बिघडवून आग पसरत नाही ना ते तपासलं जातं, म्हणून नवी गाडी लोकल पॅकपेक्षा बरी. पण जिना ही बाहेर पडायची वाट आहे आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो. पार्किंगच्या उघड्या कोपऱ्यात पॉइंट काढून घ्या.

इतवारीचा_वायरमन

ताई, खूप आभार. सातवा ग्रुप उतरवून बाहेर ठेवलाय, पॅक त्या पोराला देणार नाही. त्याचा मालक म्हणतो बाकीचे बारा ग्रुप चांगले आहेत, त्यांचाच नवा पॅक बांध, फक्त होल्डर आणि अभ्रक टाक. पैसे वाचतील हे खरं. सेल एकाच लॉटचे आहेत.

वैदर्भी_पुण्यात

एकाच लॉटचे, हाच प्रश्न आहे. धातूचा कण कारखान्यात शिरला असेल तर तो एकट्या सेलमध्ये शिरला असेल असं नाही. दुसरीकडे, तुमच्या पट्टीच्या वेल्डिंगनेच एखादा सेल भाजला असेल तर बाकीचे निर्दोष. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बारा ग्रुप सुटे करून महिनाभर ठेवा, मिलिव्होल्टपर्यंत नोंदवा. एकही वेगळा वागला तर लॉटच सोडा.

गिट्टीखदान_आरसी

महिनाभर कोण थांबेल? पोराची रोजी जाते. मी असतो तर सरळ नवे सेल घेतले असते.

इतवारीचा_वायरमन

त्याला तोवर दुकानातला जुना लेड-अ‍ॅसिडचा सेट लावून देतोय, वजन जास्त पण चालेल. ताई, अभ्रकाची शीट इथे मिळेल, पण पॉटिंगचं मटेरियल कोणतं घेऊ? सिलिकॉन सांगतात, पण नंतर एखादा सेल काढायचा झाला तर?

वैदर्भी_पुण्यात

तिथे कबूल करते, दुरुस्तीच्या दुकानासाठी सोपं उत्तर नाही. पॉटिंग केलं की पॅक उघडणं संपलं. मी तुमच्या जागी असते तर पॉटिंग टाळून प्रत्येक ग्रुपला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि मध्ये अभ्रक वापरलं असतं. पट्टी आणि सेल यांच्यात इन्सुलेशन मात्र नीट हवं, 18650 चा अख्खा कॅन निगेटिव्ह असतो. कुणी असा पॅक बांधून मुद्दाम एक सेल तापवून पाहिला असेल तर लिहा, मला आकडे हवे आहेत.