शब्दचर्चा: 'मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह प्लॅस्टिसिटी'ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: कान वाजणे)

गिरणाकाठ
धरणगावकडच्या जिनिंग कामगारांसाठी कानतपासणीचं शिबिर आहे. त्याचं दोन पानी पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकुरात म्हटलंय की टिनिटस ही ऐकू कमी येऊ लागल्यानंतर मेंदूत होणारी 'मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह प्लॅस्टिसिटी' आहे. प्लॅस्टिसिटीला आकार्यता, सुघट्यता, लवचिकता असे शब्द सापडले. 'अपसमायोजी सुघट्यता' असं छापलं तर लोक त्या पत्रकात भजी बांधून नेतील.
दुसरी अडचण क्रियापदाची. साउंड थेरपी आवाजाचं नक्की काय करते? बंद करते, दाबते, झाकते की घालवते? सध्या 'बंद करते' लिहून ठेवलंय.

ओवा_सुंठ
आजाराला नाव आपल्याकडे जुनंच आहे: कर्णनाद. सुश्रुताच्या कर्णरोगांच्या यादीत प्रणाद आणि क्ष्वेड असे दोन वेगळे रोग दिले आहेत, म्हणजे आवाजांचे प्रकारसुद्धा त्या काळी ओळखले होते. नाद, बहिरेपणा शेजारी शेजारी येतात हेही ध्यानात घ्या. कानाची नस दुबळी झाली की तीच वाजायला लागते. मेंदूला मध्ये कशाला ओढायचं?

श्रुती_जळगाव
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कर्णनाद हा शब्द मीही रिपोर्टवर लिहिते. पेशंट मात्र 'कान वाजतो' म्हणतात, आणि आमच्याकडचे बरेच जण 'मना कान वाजस' म्हणतात. पत्रकात 'कान वाजणे' ठेवा.
बहिरेपणाशी नातं आहे, हे ओवा_सुंठ यांचं बरोबर. पण नसच वाजत असती तर नस कापल्यावर आवाज थांबायला हवा होता. श्रवणनसेवरची गाठ काढताना काही वेळा ती नस कापावी लागते. तो कान पूर्ण बहिरा होतो, तरी अनेकांना त्याच बाजूला आवाज येत राहतो. काहींचा तर वाढतो. म्हणजे सुरुवात कानात झाली असली तरी आवाज पुढे कुठेतरी तयार होतोय.

ओवा_सुंठ
पुढे म्हणजे कुठे? आणि कशाचा आवाज, जर आत काही जातच नाही?

श्रुती_जळगाव
तेच कारण आहे, आत काही जात नाही म्हणूनच. जिनिंगच्या गोंगाटात वर्षं काढली की आतल्या कानातल्या रोमपेशी मरतात, आणि त्याही साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या आधी. मेलेली रोमपेशी माणसात परत उगवत नाही. त्या पट्टीची बातमी मेंदूकडे जायची कमी होते. मेंदूतल्या श्रवणपेशी निवांत असतानाही थोड्याफार ठिणग्या टाकतच असतात, एरवी आपल्याला त्या जाणवत नाहीत. बातमी घटली की मेंदू तिची भरपाई करायला त्या पट्टीची संवेदनक्षमता वाढवतो. कीर्तनात बुवा माईकपासून लांब गेले की साउंडवाला बटण वाढवतो, आणि मग बुवांच्या आवाजाबरोबर यंत्राची घूंघूंही मंडपभर होते, तसं.
शिवाय त्या पट्टीच्या पेशी एकाच वेळी, एका तालात ठिणग्या टाकू लागतात. एकाच तालात आलेली गोष्ट मेंदूला खरी वाटते, म्हणून बाहेर काही नसताना शिट्टी ऐकू येते. आणि शिट्टीची पट्टी बहुधा तीच निघते जिथे ऐकू येणं गेलेलं आहे.

पाटचारी
याला पुरावा आहे का, की आपला सिद्धांत?

श्रुती_जळगाव
पटण्याजोगा एक प्रयोग २०१२ सालचा आहे. चांगलं ऐकू येणाऱ्या १८ जणांच्या एका कानात सात दिवस बोळा घालून ठेवला. त्यातल्या १४ जणांना आवाज ऐकू यायला लागले. बोळा काढल्यावर ते गेले. कानाला इजा काहीच नव्हती, फक्त बाहेरची बातमी अडवली होती. हा झाला उलट फिरणारा बदल. रोमपेशी मेल्यावर बोळा कायमचाच बसलेला असतो.

भुसावळ_शेड
माझं पण हेच. लोको शेडमधे नोकरी झाली, आता रिटायर. रातभर दोन्ही कानात रातकिडे. मी रात्री कापसाचे बोळे घालून झोपतो तरी जात नाही, उलट जास्तच. थेंब कोणते चांगले ते सांगा. मागच्या महिन्यात तपासणी केली, रिपोर्ट असा: दोन्ही कान सारखे. २५० ते १००० वर २०, २००० वर ३०, ४००० वर ६०, ८००० वर ४५. खाली लिहिलंय, टिनिटस मॅच ४००० हर्ट्झ, ६ डीबी एसएल.

पाटचारी
काका, इथे शब्दावर चर्चा चालू आहे.

श्रुती_जळगाव
असू दे, हा रिपोर्ट चर्चेच्या कामाचाच आहे. काका, थेंबांनी हा आवाज जात नाही. पडदा आणि मळ डॉक्टरांनी बघितला असेलच. ते बोळे मात्र आजपासून बंद. रातकिडे बाहेर नाहीत, आत आहेत. बोळ्याने बाहेरचं उरलंसुरलं ऐकणंही थांबतं आणि मेंदू बटण आणखी वाढवतो. गोंगाटाच्या ठिकाणी कान झाकायचे, शांत खोलीत नाही.
तुमचा ऑडिओग्राम ४००० वर खड्ड्यात जातो आणि ८००० वर थोडा वर येतो, गोंगाटाने गेलेल्या कानाचा हा ओळखीचा आकार. आणि तुमची शिट्टी बरोबर त्या खड्ड्यात आहे. 'दोन्ही कान सारखे' हेही चांगलं. एकाच कानात आवाज असता, किंवा तो नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असता, तर मी आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं असतं. अचानक ऐकू येणं गेलं तर त्याच दिवशी जायचं. गिरणाकाठ, ही दोन-तीन वाक्यं पत्रकात ठळक टाका.

गिरणाकाठ
टाकतो. पण ते ६ डीबी म्हणजे? काकांचा आवाज ६०+६ म्हणजे ६६ डेसिबलचा, असं का?

श्रुती_जळगाव
यंत्रावर ६६ ला जुळला, पण काकांना ४००० हर्ट्झचा सूर ऐकू यायलाच ६० लागतात. म्हणजे त्यांच्यासाठी तो जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा ६ डेसिबलच वर आहे. बहुतेकांचा आवाज मोजल्यावर असाच थोडका निघतो.

भुसावळ_शेड
म्हणजे मला काहीच झालेलं नाही असं म्हणता का ताई? तीन वाजता उठून बसतो मी.

श्रुती_जळगाव
नाही काका, तुमचा त्रास खरा आहे. मोठा आवाज म्हणजे मोठा त्रास असं गणित इथे बसत नाही, एवढंच म्हणणं. सारख्याच आकड्याचा एक जण मजेत दुकान चालवतो आणि दुसऱ्याची झोप उडते. फरक असा की दुसऱ्याच्या मेंदूने त्या आवाजाला धोक्याची खूण म्हणून नोंदवलंय, आणि धोक्याकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. यात तुमचा दोष नाही.
यावरूनच क्रियापदाचं उत्तर मिळतं. गिरणाकाठ, 'बंद करते' खोडा. ते खोटं आश्वासन आहे. 'झाकते' ही जुनी पद्धत, १९७०च्या दशकातली: मोठा खरखराट सोडून शिट्टी बुडवायची. ऐकतोय तोवर बरं वाटतं. काहींना यंत्र बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट शांतही वाटतं, मग शिट्टी परत येते. शिवाय जो आवाज पूर्ण बुडवलाय त्याची मेंदूला सवय होणार कशी? म्हणून १९९०नंतर पद्धत बदलली. बाहेरचा आवाज शिट्टीपेक्षा जरा खालीच ठेवायचा, दोन्ही एकत्र ऐकू यावेत.

कापूसकोंड्या
हां, म्हणजे शब्द 'सवय'. 'सवय करून घ्या' असं पत्रकात लिहा, झालं.

खळ्यावरची
अजिबात नको. माझ्या सासूबाईंना एका डॉक्टरांनी हेच वाक्य ऐकवून परत पाठवलं होतं. 'सवय करून घ्या' म्हणजे आमच्याकडे 'आता माझ्याकडे येऊ नका'. भाषिक सूचना करते: 'दुर्लक्ष करा' नाही, 'दुर्लक्ष होईल'. करायला गेलं की लक्ष तिथेच जातं.

श्रुती_जळगाव
'दुर्लक्ष होणं', नेमकं हेच. काकांच्या बाबतीत सांगते. त्यांना आधी श्रवणयंत्र, दोन्ही कानांना, कान बंद न करणारी उघडी टोकं लावून. ४००० वर तूट आहे ती यंत्राच्या आवाक्यात येते, म्हणजे हरवलेली बातमी थोडी तरी परत जाईल आणि वाढवलेलं बटण खाली यायला वाव मिळेल. (शिट्टी ८००० च्या पुढे असती तर यंत्राचा असा उपयोग कमी. बरीच यंत्रं तितक्या वर जोर लावू शकत नाहीत.) दिवसभर यंत्र, रात्री खोलीत पंखा किंवा पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, शिट्टीपेक्षा हळू. सोबत समजावून सांगणं, कारण धोक्याची खूण नुसत्या आवाजाने पुसली जात नाही. आठवड्यांचं नाही, महिन्यांचं काम आहे. फरक पडतोय हे कसं कळायचं? 'आज आवाज किती मोठा' हे रोज विचारू नका. झोप किती वेळा मोडली, दिवसात किती वेळ त्याची आठवण झाली, ते लिहून ठेवा.

पाटचारी
बटण खाली येतं याचा पुरावा?

श्रुती_जळगाव
इथे मी हात राखून बोलेन. गोंगाटाने कान बिघडवलेल्या मांजरांना लगेच पुढचे काही आठवडे वरच्या पट्टीच्या आवाजात ठेवलं तर मेंदूतले बदल टळले, असा २००५ सालचा अभ्यास आहे. पण ते इजेनंतर लगेच. वीस वर्षं शेडमध्ये काढलेल्या माणसाला ते तसंच लागू होतं असं म्हणता येत नाही. माणसांवरच्या चाचण्यांचा २०१८चा कॉक्रेन आढावा आहे. साउंड थेरपी इतर उपायांपेक्षा सरस आहे असं त्यात सिद्ध झालं नाही. त्रास कमी करण्यात वर्तनोपचाराचा पुरावा अधिक बरा आहे. आणि बटणाच्या गोष्टीतही भोक आहे: ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाचा कान का वाजत नाही, हे तिने उलगडत नाही.

ओवा_सुंठ
मग तुमचा मेंदूसुद्धा अर्धाच पुरावा झाला. शिरोधारेने झोप लागलेले लोक मी पाहिलेत.

श्रुती_जळगाव
झोप लागली तर त्रास कमी होईलच, त्याला माझी ना नाही. आवाज गेला का, हा वेगळा प्रश्न.

खळ्यावरची
मूळ शब्दाकडे येते. प्लॅस्टिसिटी म्हणजे इथे मेंदूने स्वतःला परिस्थितीशी जुळवून घेणं. ती जुळवणी अडचणीची ठरली. मग 'अंगाशी आलेली जुळवणी'?

कापूसकोंड्या
'उफराटी जुळवणी' जास्त सुटसुटीत.

श्रुती_जळगाव
'उफराटी' वाचून वाटेल की मेंदू चुकीच्या दिशेने गेला. तो योग्य दिशेनेच गेला होता, कमी आलेलं वाढवायला. परिणाम वाईट झाला. मला 'अंगाशी आलेली' पटतं, पण डॉक्टर मंडळी रिपोर्टात लिहिणार नाहीत.

गिरणाकाठ
रिपोर्टाचं ते बघतील. पत्रकात सध्या असं लिहितो: "कानाकडून आवाज कमी पोचू लागला की मेंदू स्वतःची ऐकण्याची ताकद वाढवतो. ही भरपाई कधी कधी अंगाशी येते आणि कान वाजू लागतो. ध्वनिउपचाराने आवाज बंद होईलच असं नाही. त्याकडे आपोआप दुर्लक्ष व्हावं, हा हेतू." 'ध्वनिउपचार' की 'ध्वनिचिकित्सा' हे अजून ठरवलेलं नाही. कोणाला 'चिकित्सा'त बरं होण्याची हमी ऐकू येते का?

भुसावळ_शेड
ताई, पंखा थंडीत पण लावायचा का?

श्रुती_जळगाव
भिंतीकडे तोंड करून लावा काका.