मदत हवी आहे: वडिलांचे दादरचे घर विकले, तिघा भावंडांना आयकर खात्याची वेगवेगळी विचारणा, उत्तर एकत्र द्यावे की स्वतंत्र?

धाकटी_कांदिवली

वडिलांच्या नावावरचे दादर पूर्वेचे घर आम्ही तिघा भावंडांनी विकले आणि पैसे समान वाटून घेतले. मला आता आयकर खात्याकडून कलम १४२(१) खाली विचारणा आली आहे. घर १ कोटी ८० लाखांना विकले गेल्याची माहिती खात्याकडे आहे, मी मात्र विवरणपत्रात ६० लाखच दाखवले आहेत, याचा खुलासा त्यांना हवा आहे. दादा आणि पुण्याची ताई यांनाही अगदी हाच प्रश्न आला आहे. आम्हा तिघांनी सह्या करून एकच पत्र पाठवले तर चालेल का? दादाच्या सीएंचे म्हणणे आहे की ते फक्त दादाचे उत्तर देतील, आमचे आम्ही बघावे. माझी मुदत शुक्रवारी संपते आहे, त्यामुळे कृपया नेमके सांगावे.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

तुम्ही दिलेल्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. विक्रीचा दस्त कोणत्या महिन्यात नोंदवला, वडील केव्हा वारले, त्यांनी घर केव्हा घेतले होते, दस्तावर विक्रेते म्हणून कोणाकोणाची नावे आहेत आणि खरेदीदाराचे पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले, हे आधी लिहा. यांतले शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे आहेत.

शिवडीकर

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव होते? दादाचे असेल तर घर दादाचेच झाले. मग सगळा कर त्याने भरायला हवा आणि तुम्हा बहिणींना मिळालेली रक्कम ही भावाने दिलेली भेट धरली जाईल, म्हणजे ती करमुक्त आहे. शिवाय आता साडेबारा टक्क्यांचा नवा नियम आला असल्यामुळे महागाई निर्देशांकाचा हिशेब करण्याची गरजच उरलेली नाही.

धाकटी_कांदिवली

या सगळ्या गोष्टी मला उघड वाटत होत्या, म्हणून लिहिल्या नाहीत. वडिलांनी घर १९७८ साली घेतले. ते २००९ साली मृत्युपत्र न करता वारले आणि आई २०१६ साली गेली. नॉमिनी दादाच होता, पण ऑगस्ट २०२३ मध्ये नोंदवलेल्या दस्तावर विक्रेते म्हणून आमची तिघांचीही नावे आणि सह्या आहेत. खरेदीदाराने सगळी रक्कम दादाच्या खात्यात भरली आणि दादाने आठवड्याभरात आम्हा दोघींना प्रत्येकी ५९ लाख ४० हजार पाठवले.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

आता चित्र स्पष्ट झाले. शिवडीकरांच्या दोन्ही मुद्द्यांशी मी असहमत आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने घर सांभाळणारा असतो; नॉमिनेशनमुळे इतर वारसांचा हक्क बुडत नाही. इथे तर खुद्द दस्तच सांगतो आहे की विकणारे तिघे आहेत. दुसरे म्हणजे साडेबारा टक्क्यांचा दर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला लागू झाला. यांची विक्री ऑगस्ट २०२३ मधली आहे, म्हणजे निर्देशांक लावून येणाऱ्या नफ्यावर वीस टक्के हाच हिशेब.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की एकत्र पत्र चालणार नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळे, नोटिशीचा क्रमांक वेगळा, आणि चेहराविरहित पद्धतीत तिन्ही प्रकरणे तीन निराळ्या अधिकाऱ्यांपुढे असू शकतात. म्हणून प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमधून ई-प्रोसिडिंग्जमध्ये उत्तर द्यावे. मात्र तिन्ही उत्तरांतील तथ्ये तंतोतंत जुळली पाहिजेत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी भावंडांची प्रकरणे बिघडताना पाहिली ती बहुतेक इथेच: उत्तरे स्वतंत्र दिली हे बरोबर होते, पण एकमेकांची कागदपत्रे न पाहता दिली.

आता असे सांगा की, घर २००१ च्या आधीचे असल्यामुळे खरेदी किमतीऐवजी धरायची १ एप्रिल २००१ रोजीची घराची किंमत तुम्ही प्रत्येकाने किती धरली आहे? आणि ५९ लाख ४० हजार हा आकडा कसा आला?

सुलभा_ठाणे

माझ्या मोठ्या बहिणीचे प्रकरण असेच होते, पण ती कॅनडात राहते. तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराने एक टक्काच टीडीएस कापला आणि पुढे त्यालाच नोटीस आली, कारण अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत तो एक टक्क्याचा नियम चालत नाही. तुमच्यापैकी कोणी परदेशात असेल तर ते आधी तपासा. कमी दराने कापण्याचे प्रमाणपत्र मिळवताना आम्हाला फार धावपळ करावी लागली.

धाकटी_कांदिवली

सुलभाताई, आम्ही तिघेही भारतातच आहोत.

निरीक्षक काका, काल रात्री दादाकडून त्याचे कागद मागवले आणि मला धक्काच बसला. मी व्हॅल्युअरकडून अहवाल घेतला होता, त्यात २००१ ची किंमत २४ लाख आहे आणि त्याला त्या वर्षीच्या रेडी रेकनरचे पान जोडलेले आहे. ताईने माझाच अहवाल वापरला. दादाने मात्र दुसऱ्या व्हॅल्युअरकडून ३० लाखांचा अहवाल घेतला आहे आणि त्यात रेडी रेकनरचा उल्लेखच नाही. ५९ लाख ४० हजारांचे म्हणाल, तर खरेदीदाराने १ लाख ८० हजार टीडीएस कापून १ कोटी ७८ लाख २० हजार दिले होते आणि दादाने त्याचे सरळ तीन भाग केले.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

मग दोन ठिकाणी अडचण आहे, आणि दोन्ही दादाच्या बाजूच्या आहेत.

आधी तुमचा हिशेब पाहू. २४ लाखांना २०२३-२४ चा निर्देशांक ३४८ लावला की ८३ लाख ५२ हजार होतात. त्यांतला तुमचा तिसरा हिस्सा २७ लाख ८४ हजार. दलाली दिली असेल तर तिचाही तिसरा हिस्सा वजा होईल. ती समजा एकूण १ लाख ८० हजार होती, तर तुमचे ६० हजार. साठ लाखांतून हे दोन्ही वजा जाता नफा ३१ लाख ५६ हजार राहतो. तुमच्या विवरणपत्रात याच्या आसपासचा आकडा असेल तर तुम्हाला चिंतेचे कारण नाही.

दादाच्या ३० लाखांवर हाच निर्देशांक लावला तर त्याचा हिस्सा ३४ लाख ८० हजार होतो, म्हणजे त्याचा नफा तुमच्यापेक्षा ६ लाख ९६ हजारांनी कमी आणि कर सेससह सुमारे १ लाख ४५ हजारांनी कमी. घर एक, तारीख एक आणि किमती दोन, हे कोणताही अधिकारी मान्य करणार नाही. त्यातही करनिर्धारण वर्ष २०२१-२२ पासून कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की १ एप्रिल २००१ चे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर बाजारभाव त्याहून जास्त धरता येत नाही. मुंबईत २००१ चे रेडी रेकनर उपलब्ध आहे आणि ते पान तुमच्याच हातात आहे. ते २४ लाख सांगत असेल तर ३० लाखांचा अहवाल टिकणार नाही.

दुसरी अडचण टीडीएसची. दादाच्या विवरणपत्रात त्याने किती टीडीएस मागितला आहे, ते बघा.

शिवडीकर

नॉमिनीच्या बाबतीत माझी चूक झाली, मान्य. पण निर्देशांक २००१ पासून कसा लावता? भावंडे मालक झाली २००९ मध्ये. कायद्याचे शब्द असे आहेत की करदात्याने मालमत्ता ज्या वर्षी प्रथम धारण केली तेव्हापासून. माझ्या मेव्हण्याला अधिकाऱ्याने हेच ऐकवले होते.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

शब्द तसे आहेत हे खरे, आणि पूर्वी खात्याची भूमिकाही तीच होती. परंतु मंजुळा शाह यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला की मालमत्ता भेट किंवा वारसा अशा मार्गाने आली असेल तर निर्देशांक आधीच्या मालकाच्या काळापासून लावायचा. इथे वडिलांची खरेदी १९७८ ची, म्हणून २००१ चा १०० हाच पाया. उत्तरात या निर्णयाचा एका वाक्यात उल्लेख करावा, कारण अधिकारी हा प्रश्न विचारू शकतो.

परळचा_वाचक

भावंडांत एवढा संशय असेल तर वाटणीचा दावा दाखल करून न्यायालयाकडूनच हिस्से ठरवून घ्यावेत, असे मला वाटते.

धाकटी_कांदिवली

आमच्यात संशय नाही आणि हिश्श्यांवरून वादही नाही. प्रश्न फक्त आयकराच्या उत्तराचा आहे.

काका, तुमची शंका खरी ठरली. खरेदीदाराने टीडीएस भरण्याचा २६क्यूबी हा एकच फॉर्म भरला, तोही दादाच्या पॅनवर. दादाने पूर्ण १ लाख ८० हजारांचे क्रेडिट घेतले आहे आणि आम्ही दोघींनी शून्य. म्हणजे आमचे प्रत्येकी ६० हजार टीडीएसमध्ये गेले आणि आम्ही पूर्ण कर वेगळा भरला. दादाने हे मुद्दाम केलेले नाही. त्याच्या सीएंनी वार्षिक माहिती पत्रकात दिसेल ते उचलले. तरीही मला वाईट वाटले.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

टीडीएसचे क्रेडिट ज्याच्या हाती ते उत्पन्न करपात्र आहे त्याला मिळते. दादाने विक्रीतले ६० लाख दाखवले आणि क्रेडिट १ कोटी ८० लाखांवरचे घेतले. अधिकारी हेच बोट धरून विचारणार की मग संपूर्ण रक्कम तुझीच का समजू नये? म्हणून दादाने उत्तरात स्वतःहून लिहावे की आपला हक्क ६० हजारांचाच आहे. खरेदीदाराने प्रत्येक विक्रेत्याचा फॉर्म वेगळा भरायला हवा होता. त्याला आता दुरुस्तीची विनंती करता येईल, पण तो किती सहकार्य करील यावर सगळे अवलंबून आहे आणि शुक्रवारपर्यंत ते होणार नाही.

तुमच्या उत्तराला दस्त आणि इंडेक्स टू, वडिलांचा १९७८ चा करार, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, व्हॅल्युअरचा अहवाल, दलालीची पावती आणि दादाच्या खात्यातून तुमच्या खात्यात पैसे आल्याचा बँकेचा उतारा जोडा. त्या उताऱ्याशिवाय तुमचे ६० लाख सिद्ध होत नाहीत. दस्तात हिस्से समान असल्याचे लिहिले नसेल तर तिघांनी तसे निवेदन करून तेच तिन्ही उत्तरांना जोडावे. एकत्र सह्या करायच्या त्या फक्त याच कागदावर. दुसरे म्हणजे दस्तावरचे मुद्रांक मूल्य पाहून घ्या. ते विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर हिशेब बदलेल.

धाकटी_कांदिवली

मुद्रांक मूल्य १ कोटी ९२ लाख आहे, म्हणजे दहा टक्क्यांच्या आतच. ताईने आपला पूर्ण नफा डिसेंबर २०२३ मध्ये भांडवली नफ्याच्या रोख्यांत गुंतवला होता. सहा महिन्यांच्या आत असल्यामुळे तिची सवलत तिच्यापुरती वेगळी राहील, असे मी धरते आहे.

निवृत्त_आयकर_निरीक्षक

बरोबर. रोख्यांची सवलत आणि तिची ५० लाखांची मर्यादा ही ज्याची त्याची असते. त्या बाबतीत तिघांची उत्तरे वेगळी असणारच.

सुलभा_ठाणे

दादा आता सुधारित विवरणपत्र भरू शकणार नाही का?

निवृत्त_आयकर_निरीक्षक

त्या वर्षाच्या सुधारित विवरणपत्राची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ रोजी संपली. आता त्याने उत्तरातच सुधारित हिशेब मांडावा आणि फरकाचा कर व्याजासह भरून चलन जोडावे. दंडाच्या कारवाईतून तो सुटेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण अधिकाऱ्याने शोधून काढण्याआधी स्वतःहून मांडणे केव्हाही चांगले.

धाकटी_कांदिवली

गुरुवार रात्रीची स्थिती लिहिते. ताईचे आणि माझे उत्तर आज गेले. तिघांच्या सहीचे निवेदन दोन्हींना जोडले. ते सही करून घेण्यासाठी मी संध्याकाळी दादाच्या घरी गेले होते. रेडी रेकनरचे पान त्याच्यासमोर ठेवले, तेव्हा त्याने चष्मा लावून आमच्या विभागाची ओळ दोनदा बोटाने वाचली आणि सही केली. टीडीएसचे आमचे ६० हजार तो देणार आहे आणि खरेदीदाराला पत्रही लिहिणार आहे. ३० लाखांचा अहवाल मागे घ्यायला मात्र त्याचे सीए अजून तयार नाहीत. त्यांनी पोर्टलवर पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. माझ्या उत्तरात २४ लाख गेले आहेत, तेव्हा दादाचा निर्णय झाला की इथे कळवीन.