मॉलिक्यूल म्हणजे अणू की रेणू? शब्दसूचीविषयी एक शंका

प्रश्नकर्ती: मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आणि अकरावीत विज्ञानाची इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्या मुलांसाठी मी शब्दसूची तयार करते आहे. एका छापील कोशात मॉलिक्यूलपुढे ‘अणु’ आणि ॲटमपुढे ‘परमाणु’ असे दिले आहे. आम्ही तर शाळेत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणत होतो. सूचीत काय ठेवावे?

रसायनशास्त्राचे शिक्षक: आपल्या हाती हिंदी कोश आलेला दिसतो. हिंदीत मॉलिक्यूलला अणु म्हणतात आणि मराठीत ॲटमला अणू, त्यामुळे एकच शब्द दोन भाषांत दोन वेगळे कण दाखवतो. माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच सूचीवरून अभ्यास केला होता. 18 ग्रॅम पाण्यात ॲटम किती, या प्रश्नाला तिने 6.022 × 10²³ असे उत्तर दिले. ही संख्या रेणूंची आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत तीन अणू असल्यामुळे उत्तर सुमारे 1.807 × 10²⁴ यायला हवे होते. तिची आकडेमोड बिनचूक होती, म्हणून मला चूक शोधायलाच वेळ लागला. त्याआधीचे हेलियमचे गणित तिने बरोबर सोडवले होते, कारण हेलियममध्ये अणू हाच रेणू असतो आणि तिथे हा गोंधळ झाकला जातो. सूची मुलांना कळली की नाही हे पाहायचे असेल, तर पाण्याचेच गणित द्यावे.

एक वाचक: वैशेषिक दर्शनात सर्वांत सूक्ष्म कणाला परमाणू म्हटले आहे. तेव्हा मराठीनेही ॲटमसाठी तोच शब्द स्वीकारणे अधिक योग्य ठरेल.

रसायनशास्त्राचे शिक्षक: तो विचार स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे, पण इथे कोणता शब्द सरस हा प्रश्नच नाही. मूल शाळेतून जो शब्द घेऊन आले आहे, तोच सूचीत हवा.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी: मग शालेय पुस्तकातून प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकेक मराठी शब्द लिहिला की काम झाले.

जीवशास्त्राची विद्यार्थिनी: शालेय पुस्तकाचे म्हणणे मान्य, पण ‘एकेक’ नाही. माझ्या वहीत सेलपुढे फक्त ‘पेशी’ लिहिले होते. बारावीच्या रसायनशास्त्रात ‘हाफ सेल’ वाचल्यावर मी अर्धी कापलेली पेशी डोळ्यांपुढे आणली आणि द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्टीशी तिचा संबंध लावत बसले. तिथे ‘विद्युत घट’ हवा होता. म्हणून शब्दापुढे विषयही लिहावा.

प्रश्नकर्ती: विषयाचा रकाना वाढवते. ॲटम आणि मॉलिक्यूल शेजारी ठेवून त्यांखाली हिंदी अर्थाची सूचनाही देईन.

रसायनशास्त्राचे शिक्षक: शेजारी जरूर ठेवा. सूचनेबद्दल मात्र माझे मन साशंक आहे; ज्याने हिंदी शब्द कधी ऐकलाच नाही, त्याच्या मनात तो गोंधळ आपणच निर्माण करू.

प्रश्नकर्ती: पण माझ्या वर्गातली निम्मी मुले हिंदी व्हिडिओ पाहूनच अभ्यास करतात.