मदत हवी आहे: एक्स्चेंजमध्ये स्क्रीनसाठी एवढी कपात योग्य आहे का?

माझा आयफोन 12, 128 जीबीचा. अ‍ॅपवर प्रश्नांची उत्तरं भरल्यावर 16,500 रुपये दाखवले. घरी तपासायला आलेल्या मुलाने 11,200 सांगितले. बॅटरी हेल्थ 79 टक्के, त्याचे 1,500 कापले. ते पटलं, कारण 80 च्या खाली फोन स्वतःच सर्व्हिसची सूचना दाखवतो. बॉक्स नाही म्हणून 300 गेले. पण स्क्रीनचे तब्बल 3,500! गेल्या वर्षी ती बाहेरून बदलून घेतली होती, त्यामुळे About मध्ये Unknown Part दिसतं. अ‍ॅपने हे विचारलंच नव्हतं. काचेवर एक चरा नाही, टचही व्यवस्थित चालतो.

बाहेरची स्क्रीन फुटलेल्या स्क्रीनइतकीच धरतात का? दुसऱ्या खरेदीदाराकडे ही कपात कमी होईल का? आणि बॅटरी आधी बदलून घेतली तर 1,500 वाचतील, की बदलण्याचा खर्चच जास्त होईल? कोणी नुकताच फोन दिला असेल तर कृपया सांगा. शनिवारपर्यंत ठरवायचं आहे.