सुजलेल्या दाढेला भूल का चढत नाही

> लातूरला दाढ काढली. सुजली होती, भुलीच्या दोन सुया दिल्या, तरी उपटताना जीव गेला की हो! औषध नकली असंल का?

तसं असायची गरज नाही. दुखण्याचा संदेश नसेतून विजेच्या रूपात जातो. नस शांत असताना आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. उणे ५५ च्या आसपास नसेच्या भिंतीतली सोडियमची दारं, म्हणजे वाहिन्या, धडाधड उघडतात आणि मिलिसेकंदभरात त्यांचं आतलं झाकण बसतं. पोटॅशियमच्या वाहिन्या सावकाश उघडून व्होल्टेज खाली आणतात, मगच ते झाकण निघतं. भुलीचं औषध लिग्नोकेन सोडियम वाहिनीला आतून चिकटतं आणि तिला झाकणबंद अवस्थेतच धरून ठेवतं, म्हणून संदेश पुढे जात नाही. पोटॅशियमशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

पण नसेत शिरतो तो फक्त विद्युतभार नसलेला रेणू. पीएच ७.४ असेल तर असे रेणू जवळपास चौथा हिस्सा. पू झालेल्या जागी आम्लता वाढून तो ६.४ वर आला तर जेमतेम ३ टक्के. तिथेच आणखी टोचून काय होणार? म्हणून खालच्या दाढेसाठी डॉक्टर मागे, नस जबड्याच्या हाडात शिरते तिथे सुई देतात आणि ओठ बधिर झाला का विचारतात. ओठ बधिर होऊनही दाढ ठणकू शकते, कारण सुजेनं चिडलेल्या नसांत लिग्नोकेनला कमी दाद देणाऱ्या सोडियम वाहिन्याही वाढलेल्या असतात.